दोन फोरकास्टमधला बरा कुठला? मेप काढा, पण तिथेच थांबू नका

एकाच वस्तूच्या मागणीचा अंदाज दोन वेगळ्या पद्धतींनी काढलाय आणि आता ठरवायचंय की पुढे यातली कुठली पद्धत ठेवायची, अशा वेळी बहुतेक जण मेप काढतात. मेप म्हणजे मीन ॲब्सोल्यूट पर्सेंटेज एरर, म्हणजे दर महिन्याला अंदाज खऱ्या मागणीच्या किती टक्के चुकला ते बघायचं आणि त्या टक्क्यांची सरासरी घ्यायची. ज्याचा मेप कमी ती पद्धत जिंकली, विषय संपला. मी स्वतः कामाला लागलो तेव्हा बरेच दिवस हेच करत होतो आणि कोणी काही म्हणालं पण नाही, कारण समोरच्यालाही तेवढंच माहीत होतं.

खाली एक छोटं उदाहरण घेतोय. आकडे शिकायसाठी बनवलेले आहेत, मुद्दाम लहान ठेवलेत म्हणजे कॅल्क्युलेटरवर सुद्धा होतील. वाचत वाचत सोबत करून बघा, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

आधी पद्धती आणि महिने ठरवा

पहिली पद्धत: मागच्या तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे मूव्हिंग ॲव्हरेज. दुसरी पद्धत: गेल्या वर्षी याच महिन्यात जेवढं गेलं तेवढंच यंदाही जाईल असं धरायचं. दोन्ही अगदी साध्या आहेत आणि दोन्ही खरोखर वापरल्या जातात.

यंदाच्या पहिल्या तीन महिन्यांत मागणी १२०, ९९ आणि १११ नग होती. हे तीन महिने फक्त सुरुवात करायला वापरायचे, त्यांच्यावर मार्क द्यायचे नाहीत. परीक्षा ४ ते ९ या सहा महिन्यांची. चौथ्या महिन्याचा सरासरीवाला अंदाज (१२० + ९९ + १११) भागिले ३ म्हणजे ११०, पाचव्याला पहिला महिना सोडायचा आणि चौथा धरायचा, असं पुढे सरकत जायचं.

| महिना | खरी मागणी | तीन महिन्यांची सरासरी | गेल्या वर्षीचा तोच महिना |
|---|---|---|---|
| ४ | १३२ | ११० | ९६ |
| ५ | १२६ | ११४ | ९२ |
| ६ | ६० | १२३ | ५२ |
| ७ | १५० | १०६ | ११२ |
| ८ | १४४ | ११२ | १०० |
| ९ | १३५ | ११८ | १०० |

इथे दोन गोष्टी बघून घ्या, कारण नवीन माणूस हमखास इथेच घसरतो. एक म्हणजे दोन्ही पद्धती त्याच सहा महिन्यांवर तपासायच्या, एकीचे सहा आणि दुसरीचे बारा असं चालत नाही, आणि अंदाज काढताना त्या महिन्याचा खरा आकडा आधीच कुठून तरी आत शिरलेला नको (एक्सेलमध्ये रेंज एक ओळ खाली सरकली की हे होतं, आणि मग एरर संशय यावा इतका छान येतो). दुसरं म्हणजे खरी मागणी या कॉलममध्ये खरंच मागणी आहे ना. आपल्याकडे असते ती विक्री, आणि माल संपलेला असेल तर विक्री कमी दिसते, मागणी नाही. तसा महिना असेल तर त्याच्यापुढे खूण करून ठेवा. आपल्या उदाहरणात सहावा महिना ६० वर आलाय, पण गेल्या वर्षीही तो ५२ च होता, आणि यंदा त्या महिन्यात माल शिल्लक होता असं धरूया, म्हणजे तो महिना खरोखरच मंदीचा आहे. हे पुढे लागणार आहे.

आता मेप

एरर म्हणजे खरी मागणी वजा अंदाज. काही ठिकाणी उलटं करतात, अंदाज वजा खरी मागणी, ते पण चालतं पण शीटवर वरच लिहून ठेवा नाहीतर सहा महिन्यांनी अधिक म्हणजे कमी पडलं की जास्त झालं यावरून वाद होतो. मेपसाठी चिन्ह काढून टाकायचं आणि खऱ्या मागणीने भागायचं. अंदाजाने नाही, खऱ्या मागणीने.

सरासरीवाली पद्धत, चौथा महिना: १३२ वजा ११० म्हणजे २२, भागिले १३२, म्हणजे १६.७ टक्के. पाचवा ९.५, सहावा १०५, सातवा २९.३, आठवा २२.२, नववा १२.६. सगळ्यांची बेरीज १९५.३, भागिले ६, मेप आला ३२.६ टक्के.

गेल्या वर्षवाली पद्धत: २७.३, २७, १३.३, २५.३, ३०.६, २५.९. बेरीज १४९.४, मेप २४.९ टक्के.

तर २४.९ विरुद्ध ३२.६. जवळजवळ आठ टक्क्यांचा फरक, गेल्या वर्षवाली पद्धत जिंकली, कळवून टाका बॉसला. थांबा जरा.

बेरीज कुठून आली ते बघा

सरासरीवाल्या पद्धतीची १९५.३ ची बेरीज उघडून बघा, त्यातले १०५ एकट्या सहाव्या महिन्याचे आहेत. अर्ध्याहून जास्त. तो एक महिना झाकला तर तिचा मेप १८.१ वर येतो आणि दुसरीचा उलट वाढून २७.२ होतो, म्हणजे निकालच फिरतो. महिन्यागणिक मोजलं तर सहापैकी चार महिन्यांत सरासरीवालीच जवळ होती.

आता कोणी म्हणेल मग सहावा महिना आउटलायर म्हणून काढून टाकूया. अजिबात नाही. तो महिना खरा आहे, दरवर्षी येतो, आणि सरासरीवाली पद्धत तिथे खरंच वाईट चुकली, ६० जाणार तिथे १२३ मागवून ठेवले. प्रश्न असा की ती चूक किती मोठी धरायची. नगांमध्ये बघाल तर ६३ नगांची चूक आहे. सातव्या महिन्यात तीच पद्धत ४४ नगांनी चुकली. ६३ आणि ४४ मध्ये दीडपटीपेक्षा कमी फरक, पण मेपच्या हिशोबात १०५ आणि २९.३, म्हणजे साडेतीन पट. कारण एकच, सहाव्या महिन्यात खाली भागायला ६० होते आणि सातव्यात १५०. मागणी जितकी लहान तितकी त्या महिन्याची चूक मेपमध्ये फुगते.

याचीच दुसरी बाजू जास्त त्रासदायक आहे. अंदाज कमी काढला तर टक्केवारी जास्तीत जास्त १०० पर्यंत जाते, कारण शून्याच्या खाली अंदाज कोण काढणार. पण अंदाज जास्त काढला तर त्याला वर छतच नाही, १०५ जाऊ शकते, ४०० पण जाऊ शकते. म्हणून नुसत्या मेपवर पद्धती निवडत गेलात तर हळूहळू कमी सांगणाऱ्या पद्धती जिंकत जातात. आता वरच्या टेबलात शेवटचा कॉलम परत बघा. सहाच्या सहा महिने तो खऱ्या मागणीच्या खाली आहे. जिंकला तो हा.

(आणि एखाद्या महिन्याची मागणी शून्य असेल तर मेप निघतच नाही, एक्सेल `#DIV/0!` दाखवतं. लोक मग तेवढी ओळ डिलीट करतात, म्हणजे जिथे काहीच गेलं नाही आणि आपण माल मागवून बसलो नेमके तेच महिने हिशोबातून गायब. पायथनवाल्यांसाठी: scikit-learn चं `mean_absolute_percentage_error` शून्यावर एरर देत नाही, भलामोठा आकडा देतं, आणि एरवीही उत्तर टक्क्यात नाही तर अपूर्णांकात देतं, ०.२५ म्हणजे २५ टक्के. ०.२५ टक्के समजून खूश झालेला माणूस मी बघितलाय.)

नगांत मोजा, मग वेप

आता भागाकार न करता नुसत्या नगांच्या चुकांची सरासरी घ्या, याला एमएई म्हणतात. सरासरीवाली: २२, १२, ६३, ४४, ३२, १७, बेरीज १९०, सरासरी ३१.७ नग. गेल्या वर्षवाली: ३६, ३४, ८, ३८, ४४, ३५, बेरीज १९५, सरासरी ३२.५ नग.

टक्केवारीच हवी असेल, आणि मीटिंगमध्ये टक्केवारीच मागतात, तर दर महिन्याला वेगळं भागू नका. सगळ्या चुकांची बेरीज भागिले सगळ्या खऱ्या मागणीची बेरीज, एकदाच. याला वेप म्हणतात. सहा महिन्यांची एकूण मागणी ७४७ नग. १९० भागिले ७४७ म्हणजे २५.४ टक्के, १९५ भागिले ७४७ म्हणजे २६.१ टक्के. एकदाच भागल्यामुळे मंदीचा महिना फुगत नाही, आणि एखादा महिना शून्य असला तरी चालतं, फक्त सगळेच शून्य नकोत.

म्हणजे मेपमध्ये आठ टक्क्यांनी मागे असलेली पद्धत वेपमध्ये अर्ध्या-पाऊण टक्क्याने पुढे. पण म्हणून आता सरासरीवाली जिंकली असंही म्हणू नका हं. सहा महिन्यांच्या डेटावर महिन्याला ०.८ नगाचा फरक म्हणजे काहीच नाही, एक महिना इकडचा तिकडे झाला की तो फरक पुसला जातो. माझ्या मते इथे खरं उत्तर बरोबरी.

एक्सेलमध्ये B कॉलममध्ये खरी मागणी, C मध्ये अंदाज, ओळ २ ते ७ असं ठेवलं तर क्रमाने मेप, एमएई, वेप आणि चिन्हासकट एकूण चूक अशी निघते:

```
=SUMPRODUCT(ABS(B2:B7-C2:C7)/B2:B7)/COUNT(B2:B7)
=SUMPRODUCT(ABS(B2:B7-C2:C7))/COUNT(B2:B7)
=SUMPRODUCT(ABS(B2:B7-C2:C7))/SUM(B2:B7)
=SUM(B2:B7)-SUM(C2:C7)
```

दुसऱ्या पद्धतीला C च्या जागी D.

काहीच न करणाऱ्याशी तुलना

ही पायरी लोक सोडतात आणि मला तीच सगळ्यात आवडते. एक तिसरा, आळशी अंदाज घ्या: मागच्या महिन्यात जेवढं गेलं तेवढंच या महिन्यात जाईल. याला नाइव्ह म्हणतात. चौथ्या महिन्याला १११, पाचव्याला १३२, सहाव्याला १२६, सातव्याला ६०, असं. चुका २१, ६, ६६, ९०, ६, ९. बेरीज १९८, एमएई ३३ नग.

३३, ३२.५, ३१.७. म्हणजे आपण ज्या दोन पद्धतींमध्ये कोण भारी ते ठरवत बसलो होतो त्या दोन्ही डोकं न चालवणाऱ्या अंदाजापेक्षा जेमतेम बऱ्या आहेत. नुसता २६ टक्के वेप बघून हे कधीच कळलं नसतं, कारण २६ टक्के चांगला की वाईट हे मागणी किती उड्या मारते त्यावर असतं, एखाद्या वस्तूला तो उत्तम आहे आणि एखाद्याला लाजिरवाणा. म्हणून आपल्या पद्धतीचा एमएई भागिले नाइव्हचा एमएई काढून ठेवायची सवय लावा. इथे ०.९६ आणि ०.९८ येतं. १ च्या जवळ म्हणजे मेहनत वाया, १ च्या वर म्हणजे मेहनत करून नुकसान. हिंडमन आणि कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेलं मेस नावाचं माप याच विचाराचं आहे, फक्त त्यात खाली भागायला नाइव्हची चूक परीक्षेच्या नाही तर आधीच्या, म्हणजे पद्धत शिकवायला वापरलेल्या महिन्यांवरून घेतात.

चिन्ह परत लावा

आतापर्यंत आपण चुकांची चिन्हं काढून टाकली होती. ती परत लावा आणि नुसती बेरीज करा. हा बायस.

सरासरीवाली: +२२, +१२, −६३, +४४, +३२, +१७, बेरीज +६४. गेल्या वर्षवाली: सगळ्याच अधिक, बेरीज +१९५, म्हणजे दर महिन्याला सरासरी ३२.५ नग कमी सांगते. तिचा एमएई पण ३२.५ च होता, आठवलं का. एमएई आणि बायस सारखेच आले याचा अर्थ ती कधीही दुसऱ्या बाजूला चुकलीच नाही, तिची सगळीच्या सगळी चूक एकाच दिशेची आहे.

आणि ही चांगली बातमी आहे. कधी वर कधी खाली जाणारी चूक सुधारायला अवघड असते, तिथे काय वाढवायचं आणि कधी कमी करायचं हे आधी कळत नाही, पण कायम एकाच बाजूला चुकणारी पद्धत एखाद्या मागे पडलेल्या घड्याळासारखी असते, काटा पुढे सरकवला की काम झालं. सरासरीवालीचा दोष वेगळाय, तिला मंदीचा महिना येणार हे कळतच नाही, आणि तो येऊन गेल्यावर पुढचे तीन महिने ती त्याचं ओझं घेऊन खाली राहते (१०६, ११२, ११८ बघा). तो दोष आकड्याने गुणून जात नाही.

मग गेल्या वर्षवालीला वाढ लावूया. किती? इथे मोह होतो की सहा महिन्यांची यंदाची बेरीज ७४७ आणि गेल्या वर्षीची ५५२, भागून टाकू. ती चीटिंग आहे, ज्या महिन्यांची परीक्षा घ्यायची त्यांचीच उत्तरं वापरली. वाढ पहिल्या तीन महिन्यांवरून काढायची, ती तेव्हा हातात होती. यंदा १२० + ९९ + १११ म्हणजे ३३०, गेल्या वर्षी तेच तीन महिने ९४ + ८२ + ८८ म्हणजे २६४. गुणोत्तर १.२५.

| महिना | खरी मागणी | गेल्या वर्षी गुणिले १.२५ | चूक |
|---|---|---|---|
| ४ | १३२ | १२० | +१२ |
| ५ | १२६ | ११५ | +११ |
| ६ | ६० | ६५ | −५ |
| ७ | १५० | १४० | +१० |
| ८ | १४४ | १२५ | +१९ |
| ९ | १३५ | १२५ | +१० |

एमएई ११.२ नग, वेप ९ टक्के, मेप ८.९ टक्के, नाइव्हच्या तुलनेत ०.३४. आता ही खरी सुधारणा, आणि चारही मापं एकाच दिशेला बोट दाखवतायत. जेव्हा मापं आपसात भांडतात तेव्हा मी कुठलंच ऐकत नाही, आधी भांडण का लागलंय ते शोधतो, वर आपण तेच केलं.

खोटं समाधान नको म्हणून

एक, वाढ लावायची आयडिया आपल्याला याच सहा महिन्यांच्या चुका बघून सुचली. गुणोत्तर प्रामाणिकपणे काढलं तरी पद्धत निवडताना परीक्षेचा पेपर बघितलेलाच आहे. त्यामुळे वेप ९ टक्के हा आकडा थोडा गोड असू शकतो, पुढच्या न बघितलेल्या महिन्यांवर तो टिकतो का ते बघेपर्यंत कोणाला वचन देऊ नका.

दोन, अंदाज किती आधी हातात होता. सरासरीवाली पद्धत मागचा महिना संपल्यावरच निघते, गेल्या वर्षवाली वर्षभर आधी तयार असते. माल यायला दोन महिने लागत असतील तर सातव्या महिन्याचा अंदाज पाचव्या महिन्याच्या सुरुवातीला जो होता तोच मोजायचा, सहाव्याच्या शेवटी सुधारलेला नाही. दोन्ही पद्धतींना तेवढंच अंतर द्या आणि चुका परत काढा. याने निकाल बदलल्याचं मी पाहिलंय.

तीन, एकाऐवजी पाचशे वस्तू असतील तर प्रत्येकीचा मेप काढून त्यांची सरासरी करू नका. महिन्याला चार नग जाणाऱ्या वस्तूची दोन नगांची चूक ५० टक्के होते आणि चार हजारवालीच्या बरोबरीने बसते. सगळ्यांचा मिळून वेप काढा, आणि एका वस्तूचा एक नग महाग आणि दुसरीचा फुकटासारखा असेल तर नगांच्या जागी किंमत लावून काढा.

दहाव्या महिन्यासाठी काय करायचं

शेवटच्या टेबलात चिन्हं परत बघा, सहापैकी पाच अजूनही अधिक आहेत, बेरीज +५७. म्हणजे १.२५ ही वाढ कमीच पडतेय. शेवटच्या तीन महिन्यांवरून गुणोत्तर काढलं तर यंदा १५० + १४४ + १३५ म्हणजे ४२९, गेल्या वर्षी ११२ + १०० + १०० म्हणजे ३१२, भागून १.३७५ येतं. गेल्या वर्षी दहाव्या महिन्यात १०४ गेले असतील तर जुन्या गुणोत्तराने १३० आणि नव्याने १४३.

दोन्ही आकडे महिना सुरू व्हायच्या आधी शीटमध्ये तारखेसकट टाका आणि त्या सेल लॉक करा. नाइव्हचा १३५ पण शेजारी लिहा. महिना संपला की तिघांच्या चुका चिन्हासकट भरा, अकराव्याला आणि बाराव्याला पुन्हा तेच, आणि तीन महिन्यांनी नवीन गुणोत्तराचा कॉलम जुन्यापेक्षा सरस दिसला नाही तर १.२५ वर परत या.